रडणं वगळून

मुंबईहून आलेल्या अहवालात पहिलाच शेरा कावळ्याचा होता. दुसऱ्या रिळात तहसील कचेरीच्या अंगणात एकच कावळा दर नऊ सेकंदांनी जसाच्या तसा ओरडतो, तीन मिनिटांत वीस वेळा. कृपया बदलावा.

शिवकन्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटला. खाली युसूफच्या गॅरेजात कुणीतरी बोलेरोचा पत्रा ठोकत होतं आणि प्रत्येक ठोक्याला वरच्या खोलीच्या भिंतींना लावलेल्या गाद्या शहारत होत्या.

"कावळे मोजायला बसवलेत का बे यांना?" ती म्हणाली.

"मोजायलाच बसवलेत बेटा. आणि वीस भरले म्हंजे चूक आपली," मकसूदचाचा म्हणाले.

मकसूदचाचांचा हा स्टुडिओ. तीस वर्षं त्यांनी बीडमध्ये लग्नांना, सभांना, उरुसांना भोंगे भाड्यानं दिले. मग भावाच्या, युसूफच्या, गॅरेजवरच्या खोलीत जुन्या गाद्या ठोकल्या, एक चांगला माईक घेतला आणि दारावर स्टुडिओ अशी पाटी लावली. शिवकन्या पुण्यात दोन वर्षं दुसऱ्यांच्या नावावर आवाज कापून परत आलेली. दोघांना मिळून आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते दोनदा नापास झालं होतं.

काम सांगायला सोपं होतं. हैदराबादच्या एका दिग्दर्शकानं दोन वर्षांपूर्वी दिंद्रुडच्या आसपास एक सिनेमा काढला. निजामाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. तहसीलदार लेव्हीचा गल्ला वसूल करायला येतो, हरिबा नावाचा म्हातारा जमिनीत पुरलेल्या आपल्या जवारीच्या पेवावर बसून राहतो, उठत नाही, आणि तिथंच मरतो. संवाद सगळे उर्दूत. आता तो मराठीत यायचा होता. त्यासाठी आधी एमएनई लागतो. म्हणजे सिनेमातलं बोलणं तेवढं काढायचं आणि संगीत, पावलं, भांडी, वारा, बैलाच्या गळ्यातली घंटी, बाकी सगळं जागच्या जागी शाबूत ठेवायचं. त्याच्यावर मग नव्या भाषेतलं बोलणं चढवतात.

शहाण्या माणसांच्या घरी बोलणं, संगीत आणि बाकीचे आवाज असे तीन ढीग पहिल्यापासून वेगळे ठेवतात. एक ढीग उचलला की झालं. पण या सिनेमाच्या मूळ कामाची डिस्क बसली होती. हाती राहिला तो थेटरात वाजतो तसा तयार आवाज आणि संगीतकारानं वेगळं जपलेलं संगीत. म्हणजे मळलेल्या कणकेतून मीठ काढून द्या, असा प्रकार.

तयार आवाज सहा वाटांनी येतो. समोर डावी, मधली, उजवी, मागं दोन, आणि एक नुसती ढमढम करणारी. बोलणं मधल्या वाटेत असतं. मग मधली वाट बंद करा की, असं कुणीही म्हणेल. शिवकन्याही पहिल्या दिवशी म्हणाली होती. पण मधल्या वाटेत पावलंही असतात, दाराची कडीही असते, तांब्या ठेवल्याचा आवाजही असतो. तहसीलदाराची जीभ कापायला जावं तर त्याचे बूटही जात होते. आणि मधली वाट बंद केली तरी त्याच्या दरडावण्याचा घुमारा मागच्या दोन्ही वाटांतून भुतासारखा येतच होता.

संगणकावर आवाज वेगळा करणारा नवा प्रोग्राम आहे. तो माणसाचं बोलणं ओळखतो आणि काढतो. पहिल्या खेपेला तिनं सगळा सिनेमा त्याच्या तोंडी दिला होता. त्यानं बोलणं काढलं, पण सोबत बांगड्यांची किणकिण खाल्ली, जवारी ओततानाची सळसळ खाल्ली, आणि जिथं तहसीलदार फार मोठ्यानं बोलला तिथं विहिरीच्या तळातून कुणीतरी पुटपुटतंय असला गाळ मागं ठेवला. पहिल्या अहवालात दोनशे चौदा शेरे होते.

दुसऱ्या खेपेला तिनं हातानं काम केलं. बोलणं होतं तिथं मधली वाट कापली. भोकात त्याच जागेची शांतता भरली, दोन वाक्यांच्या मधून अर्धा-अर्धा सेकंद उचलून. नवी शांतता बाहेरून आणावी तर आणायची कुठून? जिल्ह्यात कुठंही माईक धरा, पाण्याची मोटर आहे, टमटम आहे, दूरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे आहे. निजामाच्या काळातली शांतता आता बीडमध्ये कुणाच्याही बापाकडे शिल्लक नाही. म्हणून सापडलेले तुकडे जोडून नऊ सेकंदांची पट्टी केली, तीच पुन्हा पुन्हा लावली, आणि तिच्यात तो कावळा बसला होता.

या खेपेला शेरे एकतीस होते. तीस चिल्लर. एकतिसावा तिनं तीनदा वाचला.

चौथं रीळ. हरिबाच्या मृत्यूचा प्रसंग. तीन मिनिटं पंचवीस सेकंद मूळ भाषेतलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. एमएनई अस्वीकृत.

"शक्यच न्हाई," ती म्हणाली. "तिथलं उर्दूचं एकेक अक्षर मी काढलंय. ऐका तुमी."

मकसूदचाचांनी हेडफोन लावला. प्रसंग असा होता: हरिबा पेवाच्या तोंडावर मरून पडलाय, शिपाई जवारी पोत्यांत भरतायत, तहसीलदार हुकूम सोडतोय, आणि भोवती दिंद्रुडकडच्याच बायका, छबुबाईला पुढं घालून, ऊर बडवून रडतायत. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा ते हसत नव्हते.

"उर्दू न्हाई," ते म्हणाले. "पण छबुबाई हाय की. धडधडीत बोलतीय. गल्ला नेला, दादा नेला, समदं बोलतीय. मराठीत."

शिवकन्यानं हेडफोन त्यांच्याकडून घेऊन स्वतःच्या कानांना लावला. तीन आठवडे तिचा कान उर्दूच्या मागावर होता, मांजर उंदराच्या मागावर असतं तसा. छबुबाईचं रडणं तिला बोलणं वाटलंच नव्हतं. लहानपणापासून मयताच्या दारात जे ऐकलं तेच ते. वाऱ्यासारखं, बैलाच्या घंटीसारखं ते तिनं राहू दिलं होतं. जिथं तहसीलदार छबुबाईच्या वर बोलला तेवढंच कापून, मागचं-पुढचं रडणं ओढून शिवलं होतं. आणि शिवल्याचंही अहवाल लिहिणाऱ्या मुंबईच्या बाईंना कळलं होतं, कारण छबुबाई एकच ओळ दोनदा रडत होती.

तिनं मुंबईला फोन लावला. अहवाल तपासणाऱ्या मॅडम उचलतील असं तिला वाटलं नव्हतं. त्यांनी उचलला.

"मॅडम, ते रडणं मराठी आहे," शिवकन्या म्हणाली. "सिनेमा मराठीत करायचाय. मग मराठी काढून मराठी कशाला घालायचं?"

"उद्या हाच एमएनई बंगालीला जाईल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "परवा तमिळला. तिथं तुमच्या बाई मराठीत रडतील का? एमएनईमध्ये भाषा राहत नाही. कुठलीच."

"मग पूर्ण काढते. मुक्या ठेवते बायकांना."

"तेही चालणार नाही. पडद्यावर दहा बायका तोंड उघडून रडताना दिसतायत. गर्दीचा शब्द नसलेला आवाज एमएनईमध्ये लागतो. हुंदके, श्वास, हेल. शब्द तेवढे नकोत. ते मराठीच्या संवादांत जातील."

"पण मूळ आवाजात त्यांच्या अंगावर तहसीलदार बोलतोय. माणसाच्या आवाजातून माणसाचा आवाज वेगळा होत नाही, तो प्रोग्रामही करत नाही."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून नव्यानं रेकॉर्ड करा."

फोन ठेवल्यावर शिवकन्याला आणखी संताप आला, कारण बाई चूक बोलली नव्हती. चुकीच्या माणसाला शिव्या देता येतात. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

शनिवार ही शेवटची तारीख होती. वितरक कंपनीच्या मोहनरावांनी स्वच्छ सांगितलं होतं, तिसऱ्यांदा नापास झालं तर काम मुंबईच्या स्टुडिओत. आणि एमएनई पास झाला तर मराठी आवाजही बीडलाच करायचे, असंही ते तोंडी बोलले होते. त्या तोंडी बोलण्यावर अकरा माणसं महिनाभर गच्चीवर तालीम करत होती. एसटीतला कंडक्टर बद्रीनाथ तहसीलदाराचा आवाज देणार होता. तो हल्ली बसमध्येही, "तिकीट दाखव, नाहीतर हुजुरांच्या समोर पेश करीन," असं दरडावायचा. धारूरच्या बाया घाबरून दोन-दोन तिकिटं काढायच्या म्हणे.

मंगळवार आणि बुधवार चिल्लर शेऱ्यांत गेले. युसूफच्या गॅरेजात दुपारी जेवणाची सुट्टी व्हायची तेवढा पाऊण तास रेकॉर्डिंग. मकसूदचाचांनी परातीत दिंद्रुडच्या रानातली काळी माती आणून ओतली होती, कारण वाळूवरचं पाऊल काळ्या मातीवरच्या पावलासारखं वाजत नाही. पडद्याकडे बघत, तहसीलदार पाऊल टाकील त्याच क्षणी ते बुटाची टाच दाबायचे. त्यांच्या बायकोनं, रहेमतबींनी, काचेच्या बांगड्या भरून ऊर बडवणाऱ्या हातांचा आवाज केला. बांगड्या तिच्या आणि छातीच्या जागी मांडीवर घडी केलेली गोधडी. दोन बांगड्या फुटल्या तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या सिनेमापायी सवाशिणीच्या बांगड्या फोडायला लावल्या तुमी." आणि उरलेल्या बांगड्यांनिशी पुन्हा बडवू लागली. शेरभर जवारी त्यांनी चाळीस वेळा पोत्यात ओतली.

गुरुवारपर्यंत चौथ्या रिळात सगळं जागेवर आलं होतं. जवारीची सळसळ, बूट, बैल, वारा, दहा बायकांचे ऊर बडवणारे हात. फक्त रडणं नव्हतं.

छबुबाई दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर राहायची. शिवकन्या आणि चाचा सकाळीच ओम्नी घेऊन गेले. बाई ओट्यावर तुरीचं भुसकट पाखडत होती. साठीची, सुपाएवढ्या हातांची. येण्याचं कारण ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"मंजे बीडला येऊन तुज्या खोलीत रडू?"

"हौ मावशी. दहा मिन्टाचं काम हाय."

"कोण मेलंय तिथं?"

"कुणी न्हाई मेलं. माईकसमोर रडायचं."

"कुणी मेलं न्हाई अन मी लोकाच्या घरात हेल काढू? डोकं ठिकाणावर हाय का तुजं? त्या घरात लेकीसुना असतीन. कुणी नांदती हाय, कुणी पोटुशी हाय."

चाचांनी मान खाली घातली. त्यांची लेक सुरैया आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. छबुबाईला तेवढ्यावरून कळलं.

"बगा," ती म्हणाली. "म्यां रडून तिच्यावर इघ्न आणू?"

"सिनेमाच्या टायमाला तर रडलात की," शिवकन्या म्हणाली.

"तवा शिवंच्या बाहीर व्हतो आमी. वढ्याच्या पल्याड. आन मुडदा समोर व्हता. खोटा का असंना, पांढरा कपडा घालून निजलेला व्हता. रडणं संपल्यावर उठून चा पेला त्यो, ती गोष्ट येगळी." तिनं पुन्हा सूप उचललं. "आता मी कुणाकडं बगून रडू? तुज्या त्या माईकच्या बोंडकाकडं?"

"शब्द न घालता नुसतं रडलात तरी चालंल. नुसते हेल."

छबुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की शिवकन्याला ते वाक्य परत गिळावंसं वाटलं.

"शब्दाबिगर हंबरायला मी काय म्हैस हाय? मेलेल्याचं नाव घेतल्याबिगर रडू येतंच कसं माणसाला? तुमच्या पुण्याला येत आसंल."

शिवकन्या ओट्याच्या कडेला बसली. दुसऱ्या बाया गोळा करता आल्या असत्या. बीडमध्ये नाटकात काम करणाऱ्या तिघी तिला माहीत होत्या, पण त्या रडल्या की मालिकेतली सून आठवायची. पडद्यावर तोंड छबुबाईचं होतं. कधी तोंड उघडतं, कुठं श्वास तुटतो, सगळं तिचं.

"वढ्याच्या पल्याड येताव का?" तिनं विचारलं. "गाडीत बसून."

छबुबाईनं बराच वेळ तूर पाखडली. "शिवंच्या बाहीर असंल तर येते," ती शेवटी म्हणाली. "रडू येईन का न्हाई ते मी सांगत न्हाई."

ओढ्यापल्याड बाभळीखाली ओम्नी उभी केली. बंद गाडी म्हणजे गरिबाचा स्टुडिओ. काचांना आतून गोधड्या टांगल्या, सीटवर सतरंजी टाकली, माईक मधल्या सीटला बांधला. आत भट्टी झाली. छबुबाई घामानं निथळत बसली. शिवकन्यानं मांडीवर लॅपटॉप धरला आणि प्रसंग दाखवला, आवाज न देता. बाईनं बघितलं आणि म्हणाली, "ही पिवळी साडी माजी न्हाई, त्यांनीच दिल्ती." रडली नाही.

अर्धा तास गेला. मग एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत ऊसतोड्यांचं बिऱ्हाड आणि भोंग्यावर गाणं. तो गेला तर मोटर सुरू झाली. चाचा काठी घेऊन रानमालकाकडं गेले, हातापाया पडून मोटर बंद करून आले. मग शांतता झाली आणि छबुबाई नुसतीच माईककडं बघत राहिली.

"न्हाई येत पोरी," ती म्हणाली. "उगं कशाला खोटं बोलू?"

शिवकन्याच्या डोक्यात आग पेटली होती. ती आग बाईवर काढायची नव्हती म्हणून तिनं वायरी गुंडाळायला घेतल्या. मग कसलाही विचार न करता, जाता जाता निदान झालेलं काम तरी ऐकवावं म्हणून, तिनं हेडफोन बाईच्या कानांवर चढवला आणि चौथं रीळ पहिल्यापासून लावलं.

छबुबाईनं ऐकलं. जवारी पोत्यात पडत होती. बूट वाजत होते. दहा हात ऊर बडवत होते. पडद्यावर हरिबा तोंड वासून पडला होता, आणि त्याच्याभोवती दहा तोंडं उघडी होती, आणि त्यांच्यातून काहीच येत नव्हतं.

"आवाज येतो का?" शिवकन्यानं विचारलं.

"येतो की. ह्या बाया रडंनात कावून?"

"काढलं ते मावशी. मीच काढलं."

"तू?" बाईनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. "म्हातारा मरून पडलाय. त्येच्या पेवातलं दाणं न दाणं चाललंय. आन ऊर बडवित्यात अन बोलत न्हाईत कुणी. असं बिनरड्याचं ठिवत्यात का मेलेल्याला?" तिनं पदर तोंडाशी धरला. "नाव काय त्येचं?"

"हरिबा."

शिवकन्यानं रेकॉर्डचं बटण दाबलं तोवर छबुबाईनं टाहो फोडला होता. पातळी बोलण्याच्या आवाजाला बेतलेली होती. पहिले दहा सेकंद आवाज फाटला, लाल काटा शेवटाला जाऊन चिकटला. शिवकन्यानं घाईनं खटका खाली ओढला, आणि ओढता ओढता कळलं की सगळ्यात खरा टाहो तोच होता आणि तो हातचा गेला. पुन्हा करा म्हणायची सोय नव्हती.

"दादा रं, तुज्या पेवाची जवारी सरकारच्या गाडीत चढली रं," छबुबाई रडत होती. "आन तू मोकळ्या हातानं कुठं निगाला रं दादा. तुजं बैल दावणीला वाट बगतेत रं..."

साडेचार मिनिटं. प्रत्येक ओळीच्या शेवटी शब्द संपायचा आणि हेल लांबत जायचा, मग हुंदका, मग नाकातून ओढलेला श्वास. शिवकन्याचा एक डोळा रडत होता आणि दुसरा काट्यावर होता. ओळीला शब्द, शेपटीला नुसता आवाज. मुंबईच्या मॅडमना हवं होतं ते सगळं शेपट्यांत होतं.

रडणं थांबल्यावर छबुबाईनं ओढ्यावर जाऊन तोंड धुतलं, पाणी डोक्यावर मारलं आणि मगच ती शिवेच्या आत शिरली.

शुक्रवारभर शिवकन्या शेपट्या कापत बसली. शब्दाची सावलीही राहणार नाही अशा बेतानं हेल, हुंदके आणि श्वास वेगळे केले, छबुबाईच्या तोंडाच्या हालचालीला बसवले, त्यांच्या प्रती काढून आवाज थोडा वर-खाली करून बाकीच्या नऊ तोंडांना वाटले. शब्दांसकट असलेलं पूर्ण रडणं तिनं वेगळ्या फाइलीत ठेवलं आणि मुंबईला तसं कळवलं. ते एमएनईचं नव्हतं. ते मराठीचं होतं. कावळाही बदलला. शनिवारी दुपारी पाठवलं, सोमवारी उत्तर आलं. एकही शब्द सापडला नाही. स्वीकृत.

खाली जाऊन चाचांनी युसूफच्या सगळ्या मेकॅनिकांना चहा पाजला. चहा संपायच्या आत मोहनरावांचा फोन आला.

"फार सुंदर काम, मॅडम," ते म्हणाले. "इतका स्वच्छ एमएनई की आता कुणीही बोलावं त्याच्यावर. त्यामुळं असं ठरलंय, आवाज आपण मुंबईतच करू. इथं नावाजलेली माणसं आहेत. तुम्ही फक्त ती रडण्याची मराठी फाइल पाठवून द्या."

शिवकन्याला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. "तुमी म्हणला होता, पास झाला तर आवाज बीडला."

"म्हणालो होतो. लिहून दिलं होतं का?"

"न्हाई दिलं. रडण्याची फाइल पाठवते म्हणून तरी मी कुठं लिहून दिलंय?"

"अहो, ते एमएनईचा भाग आहे."

"न्हाई साहेब. त्यात भाषा हाय. एमएनईत भाषा राहत न्हाई, कुठलीच. तुमच्याच मॅडमनी सांगितलंय." तिनं फोन ठेवला.

चाचा म्हणाले, "बेटा, वाकडं करून काय मिळणार? त्यांच्याकडं छप्पन बाया असतीन रडायला."

"असू द्या की छप्पन."

गच्चीवर अकरा माणसांना सांगायचं काम तिलाच करावं लागलं. कुणी आरडाओरडा केला नाही. आपल्याकडं अशा वेळी कुणी करतही नाही, सवयच झालेली आहे. बद्रीनाथ फक्त म्हणाला, "मग मी बसमधी आता कोणच्या आवाजात बोलू?" आणि ड्युटीला गेला.

गुरुवारी मोहनरावांचा फोन पुन्हा आला. या वेळी त्यांच्या बोलण्यातलं तूप आटलं होतं. मुंबईत तिघींनी ते रडणं करून बघितलं होतं. ओळ त्यांच्या आवाजात, आणि ओळ संपली की एमएनईतून छबुबाईचा हेल. एका बाईच्या तोंडातून मधेच दुसरी बाई निघत होती. तपासणाऱ्या मॅडमनी मराठी नापास केलं होतं.

"मग एमएनईतले हेल काढा," शिवकन्या म्हणाली. हे असं होईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण ऐकताच तिला हसू फुटलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

"काढले तर एमएनई रिकामा पडतो. मॅडम म्हणतात, मग तोही नापास. फाइल द्या. तुमचं काय म्हणणं आहे?"

"सगळे आवाज बीडला."

"शक्य नाही. तहसीलदाराचे आणि त्याच्या माणसांचे करार झालेत इथं."

तिनं फोन कानाला धरून मकसूदचाचांकडं बघितलं. चाचांनी बोटांनी अर्ध्या भाकरीचा आकार करून दाखवला, म्हणजे अर्धी तरी घे. तिला चाचांचाही राग आला.

"गावकरी सगळे बीडचे," ती म्हणाली. "हरिबा, त्याची बायको, भाऊबंद, झाडून सगळे. आणि छबुबाईचं नाव सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाटीत, लेखी. आज. लेखी आल्याबिगर फाइल न्हाई."

लेखी संध्याकाळी पाच वाजता आलं. खाली एक ओळ जोडलेली होती: गावकऱ्यांची भाषा शक्यतो प्रमाण असावी. शिवकन्यानं उत्तरात लिहिलं, असणार नाही. आणि फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ ड्युटी संपवून, खाकी शर्टातच वर आला. तिनं त्याच्या हातात कागद दिला.

"मंजे मी तहसीलदार न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई. तुमी हरिबाचे चुलतभाऊ. तीन वाक्यं."

बद्रीनाथनं कागद लांब धरून वाचला. महिनाभर त्यानं साडेचारशे वाक्यं पाठ केली होती. त्यानं घसा साफ केला आणि पहिलं वाक्य म्हटलं, तहसीलदाराच्याच आवाजात: "आरं, आमच्या पेवाला हात लावू नगा."

"असं न्हाई भाऊ," शिवकन्या म्हणाली. "उतारूसंगं सीटवरून भांडताव ना, तसं."

बद्रीनाथ रागानं तिच्याकडं बघत राहिला. तेवढा राग पुरेसा होता. तिनं बटण दाबलं आणि हातानं खूण केली.